ओळखू येऊ नये म्हणून

एका सेकंदात २५ फ्रेम असतात. चाळीस सेकंदांचा शॉट म्हणजे हजार फ्रेम. त्यातल्या एका फ्रेममध्ये जरी चेहरा उघडा राहिला, तरी बाकी नऊशे नव्व्याण्णव फ्रेमवर केलेलं काम वाया जातं, कारण मोबाईलवर पाहणारा माणूस व्हिडिओ थांबवू शकतो आणि थांबलेलं चित्र दुसऱ्याला पाठवू शकतो. चेहरा धूसर करायचं काम संकलकाकडे येतं तेव्हा ते सगळ्यात शेवटचं, सगळ्यात कंटाळवाणं आणि कुणाच्या लक्षात न येणारं असतं. मी ते पुष्कळ केलं आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांवरच्या एका माहितीपटात मात्र जो चेहरा झाकायचा होता, तो माझ्या थोरल्या भावाचा होता.

दादा आणि वहिनी मिळून एक कोयता. तोडीच्या हिशोबात नवरा-बायको ही दोन माणसं नसतात, त्यांचा एकच कोयता धरतात आणि उचलही त्या कोयत्यावर मिळते. पावसाळ्यात मुकादम उचल देतो, दसरा-दिवाळीनंतर टोळी निघते, आणि फडात पाय ठेवण्याआधीच माणूस देणेकरी झालेला असतो. दादाने आमच्या दिग्दर्शकाला फडातच मुलाखत दिली होती. एका हंगामात तो मध्येच गावी परतला, उचल फिटलेली नव्हती. माणसं आली, गाडीत घालून घेऊन गेली, दोन रात्री एका शेडमध्ये बसवून ठेवलं, आणि घरच्यांनी कोऱ्या स्टँपपेपरवर सही केल्यावर सोडलं. १९७६च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने कर्जापोटी माणसाला असं अडकवणं गुन्हा आहे. दादाला तो कायदा माहीत नव्हता, पण त्याने सगळं कॅमेऱ्याकडे बघून, न अडखळता सांगितलं आणि संमतीच्या कागदावर सही केली.

संकलन सुरू झालं ते पावसाळ्यात. तेव्हा त्याचा फोन आला. "माझं तोंड नको दाखवू आता. उचल पुन्हा त्याच्याकडूनच घेतलीय." मागची बाकी तिथेच होती, म्हणून दुसरीकडे जाताही येत नव्हतं. जानेवारीत फडात दिलेली संमती आणि ऑगस्टमध्ये उचल घेतल्यानंतरची संमती या एका माणसाच्याच दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बीडमध्ये चित्रीकरण करणाऱ्याने संमती उचलीच्या आधी एकदा आणि उचलीनंतर पुन्हा एकदा विचारली पाहिजे, असं मला तेव्हापासून ठामपणे वाटतं. २०१९ साली ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर झाली, सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि त्यानंतर आमच्या भागात कॅमेरे येत राहिले. कॅमेरा परत जातो. माणूस त्याच मुकादमाकडे राहतो.

कामाला बसल्यावर पहिला प्रश्न स्वतःला विचारला: लपवायचं कुणापासून? मुंबईच्या प्रेक्षकाला दादा कुठे माहीत आहे? तो चेहरा उघडा ठेवला काय आणि झाकला काय, त्याला काही फरक पडत नाही. लपवायचं होतं मुकादमापासून, टोळीतल्या लोकांपासून, गावापासून. म्हणजे जी माणसं त्याला चेहऱ्याशिवायही ओळखतात, नेमकी त्यांच्यापासून.

आणि ही माणसं माहितीपट कुठे बघणार? मोबाईलवर. इथे नेहमीची चौकोनी मोझॅक पद्धत घात करते. १९७३ साली बेल लॅब्समध्ये लिऑन हार्मन आणि बेला युलेश यांनी अब्राहम लिंकनच्या चित्राचे मोठाले चौकोन पाडले. जवळून पाहिलं तर नुसते करडे ठोकळे दिसत, पण डोळे बारीक करून किंवा लांबून पाहिलं की लिंकन ओळखू येई. चौकोनांच्या धारदार कडा आपल्याला गोंधळात टाकतात. चित्र लहान झालं की त्या कडा पुसल्या जातात आणि मागे कपाळ, डोळ्यांच्या खोबण्या, जबडा यांची उजेड-अंधाराची ठेवण तेवढी उरते. माझ्या मोठ्या मॉनिटरवर बंदोबस्तात वाटणारा चेहरा हातभर अंतरावरच्या फोनमध्ये सहज ओळखू येऊ शकतो. त्यात तो चेहरा हलत असला की प्रत्येक फ्रेममध्ये चौकोनांत थोडा वेगळा भाग पडतो, आणि पाहणाऱ्याला दर वेळी थोडी जास्त माहिती मिळत जाते.

म्हणून मी आधी चेहऱ्याचा सगळा भाग एकाच सरासरी रंगात सपाट केला आणि मगच त्याच्या कडा मऊ केल्या. मास्क कपाळापासून हनुवटीपर्यंत न ठेवता टोपीपासून मानेपर्यंत, दोन्ही कानांसकट घेतला. दादाचे कान आमच्या आजोबांवर गेले आहेत, आणि ते गावात कुणालाही सांगता येतं. त्यानंतर ट्रॅकिंग. फडात हे काम फार अवघड होतं, कारण उसाची पानं सतत चेहऱ्याच्या आडवी येतात. सॉफ्टवेअर चेहऱ्याऐवजी पानाला धरतं, मास्क पानाबरोबर सरकत जातो आणि तीन-चार फ्रेम चेहरा उघडा पडतो. चालू व्हिडिओत डोळ्याला ते कळतही नाही. त्यामुळे अशा जागी एकेक फ्रेम पुढे ढकलत मास्क हाताने बसवावा लागतो. कोपीच्या मेढीला दाढीसाठी टांगलेला छोटा आरसा होता. एका शॉटमध्ये दादा पाठमोरा आहे, म्हणून तो शॉट सुरक्षित समजून बाजूला ठेवला होता. त्या आरशात तो समोरून दिसत होता. तो शॉट काढून टाकला.

टोळीच्या शॉटमध्ये वेगळी अडचण होती. बारा माणसांत एकाचाच चेहरा धूसर असेल तर तो डाग बोट दाखवल्यासारखा दिसतो. बाकी अकरा जण कोण हे मुकादमाला माहीत असतं, मग बारावा शोधायला त्याला वेळ लागत नाही. एक तर सगळ्यांना झाका, नाहीतर त्या माणसाला टोळीत दाखवूच नका. आम्ही दुसरा मार्ग घेतला, आणि दादा जिथे इतरांबरोबर दिसतो असे शॉट एकूणएक काढले. फिल्मचं नुकसान झालं, कारण तोडीचा ताल टोळीतच दिसतो.

मोळी डोक्यावर घेऊन गाडीकडे जाणारा त्याचा एक लांबचा शॉट होता. चेहरा जेमतेम ठिपक्याएवढा. दिग्दर्शक म्हणाला, "यात काय दिसणार?" मला त्याची चाल दिसत होती. डावा पाय टाकताना तो किंचित बाहेर फेकतो. १९७७ साली जेम्स कटिंग आणि लिन कोझलोव्स्की यांनी काही मित्रांच्या सांध्यांवर चमकत्या पट्ट्या लावून, बाकी सगळा अंधार ठेवून, त्यांना चालायला लावलं. फक्त हलणारे ठिपके पाहून मित्रांनी एकमेकांना नुसत्या अंदाजाने जमलं असतं त्यापेक्षा जास्त वेळा ओळखलं. ठिपक्यांनी मित्र ओळखू येतो, मग अख्खा माणूस ज्यांनी वर्षानुवर्षं फडात चालताना पाहिला त्यांचं काय? तो शॉट गेला. त्याच्या जागी दुसऱ्या टोळीतल्या, उघडपणे दाखवायला राजी असलेल्या माणसाचा शॉट घेतला आणि तो दादाच्या शब्दांखाली येणार नाही अशा जागी ठेवला. नाहीतर दादाचं बोलणं त्या बिचाऱ्याच्या माथी बसलं असतं.

आवाज नुसता जाड करून भागत नाही. सूर जितका खाली नेला तितका कुणीही पुन्हा वर आणू शकतो, आणि मूळ आवाज बराचसा परत मिळतो. आम्ही त्याचं बोलणं दुसऱ्या माणसाकडून म्हणवून घेतलं. माणूस बीड जिल्ह्यातलाच निवडला, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली बोली शहरी गळ्यातून खोटी वाटली असती. पण बोलताना दर दोन वाक्यांनी "समजा की" म्हणायची दादाची सवय मी मजकुरातून काढली. त्याच्या बोलण्यावरून मी त्याला अंधारात ओळखीन, आणि म्हणूनच काय काढायचं हे मला कळत होतं.

खरा वाद झाला तो आकड्यावरून. मुलाखतीत दादाने त्या वर्षीची उचल आणि राहिलेली बाकी रुपयांनिशी सांगितली होती. दिग्दर्शकाला तो आकडा हवा होता. त्याचं म्हणणं होतं, आकड्याशिवाय शोषणाची गोष्ट हवेत राहते, आणि ते बरोबरच होतं. मी म्हणाले, तो आकडा मुकादमाने स्वतःच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहिलेला आहे. चेहरा, आवाज, चाल सगळं पुसलं तरी ती बाकी ऐकल्याबरोबर तो वही उघडून नाव वाचेल. प्रेक्षकाला जी रक्कम फक्त अंगावर काटा आणते, ती मुकादमाला सरळ पत्ता सांगते. शेवटी दिग्दर्शकाने इतर टोळ्यांतल्या बऱ्याच कोयत्यांकडून आकडे मिळवले आणि फिल्ममध्ये एक पट्टा सांगितला, इतक्यापासून इतक्यापर्यंत. दोन रात्री हा तपशील ठेवला, कारण तसं अडकवलं गेलेला दादा एकटा नव्हता. शेड कुठली होती, तिथे काय दिसत होतं, ते गाळलं.

झाकलेलं तपासायचं कुणाकडून, हाही पेचच असतो. दादाला न ओळखणाऱ्या माणसाला दाखवून उपयोग नाही, आणि ओळखणाऱ्याला दाखवलं तर गुपित फुटतं. ओळखणारं आणि आधीपासून सगळं ठाऊक असलेलं माणूस एकच होतं, वहिनी. ती पुण्याला आली तेव्हा मी तिच्याच फोनवर तो भाग लावून दिला. पहिल्यांदा ती काहीच बोलली नाही. दुसऱ्यांदा पाहताना तिने पडद्यावर बोट ठेवलं. "ताई, हे हात त्यांचे हायेत." वाढ्यांची पेंढी बांधणाऱ्या हातांचा तो शॉट होता, आणि अंगठ्यावर कोयत्याची जुनी खूण होती. मला ती खूण माहीत होती. दिसली मात्र नव्हती, कारण मी चेहऱ्यांच्या शॉटमध्ये गुंतले होते आणि हातांचे शॉट सहायकाने लावले होते. हातही गेले.

दादाला मी तयार झालेला भाग दाखवला. स्वतःच्या शब्दांवर परका आवाज आणि चेहऱ्याच्या जागी सपाट रंग बघून तो रागावला. "गुन्हा त्यांनी केला, अन् तोंड मी लपवू?" हे त्याचं म्हणणं खोडायला माझ्याकडे आजही उत्तर नाही. बातम्यांत आरोपीचा चेहराही असाच झाकतात, आणि पाहणारा दोघांना एकाच नजरेने बघतो. एवढं करता आलं की त्याच्या पहिल्या शब्दाआधी पडद्यावर दोन ओळी घातल्या: या माणसाने स्वतःहून साक्ष दिली आहे, आणि ज्याच्याविषयी तो बोलतो त्याच्याकडे त्याला अजून काम करायचं आहे. त्या ओळी दादाने वाचल्या, "अजून" या शब्दाऐवजी "यंदाही" घाल म्हणाला. तसं केलं.

मग उरली ती फायलींची कामं. ज्या फोल्डरमध्ये त्याची मुलाखत होती त्याचं नाव गाव आणि आडनाव मिळून ठेवलेलं होतं, ते बदललं. सबटायटलच्या फाईलमधून नाव काढलं. रंगसंस्काराला आणि ट्रेलर करणाऱ्याला मूळ चित्र न देता धूसर भाग चित्रात कायमचा मुरवलेली प्रत दिली. नुसता इफेक्ट वर ठेवून प्रोजेक्ट पाठवला, तर समोरच्याला तो एका क्लिकमध्ये बंद करता येतो.

सगळ्यात शेवटी श्रेयनामावली आली. संकलन, त्यापुढे माझं नाव, आणि आमचं आडनाव. त्या आडनावाचं आमच्या गावात एकच घर आहे. मी ती ओळ काढायला सांगितली. दिग्दर्शकाने टोपणनाव सुचवलं, मी तेही नको म्हणाले, कारण टोपणनाव दिसलं की लोक खरं नाव विचारतात. संकलनाच्या जागी संस्थेचं नाव आहे. या लेखात फिल्मचं, गावाचं, कारखान्याचं नाव नाही आणि लेखाखाली माझं नाव नाही, ते याच कारणाने. छापायला देण्याआधी दादाला हा वाचून दाखवला. त्याची चाल, कान, अंगठा यांबद्दल इथे लिहिलेलं मी त्याच्या सांगण्यावरून बदललेलं आहे.

मूळ चित्रीकरण एका कुलूपबंद डिस्कवर आहे. बाकी फिटली की उघड्या चेहऱ्याची प्रत काढायची, असं आमचं ठरलं आहे. यंदाची उचल त्याने जुलैमध्येच घेतली.