अम्मीच्या नावावरची पेन्शन

कल्याणच्या दूधनाक्याजवळ आमचं कटलरीचं लहानसं दुकान आहे. अब्बा आणि अम्मी आळीपाळीने गल्ल्यावर बसतात. मागच्या पावसाळ्यात अब्बांचा गुडघा सुजला आणि तीन आठवडे अम्मीने एकटीने दुकान सांभाळलं. तेव्हा मी घरात पेन्शनचा विषय काढला.

"पेन्शन नोकरीवाल्यांना असते," अब्बा म्हणाले.

मी ठाण्याला हिशेबाचं काम करते. माझ्या पगारातून दरमहा भविष्य निर्वाह निधी कापला जातो. दुकानदारासाठी तो कापणारा कुणी नाही. म्हणून मी अटल पेन्शन योजनेची माहिती काढली. 2015 साली सुरू झालेल्या या योजनेत 18 ते 40 वयापर्यंतच नाव घालता येतं, आणि प्राप्तिकर भरणाऱ्याला 1 ऑक्टोबर 2022 पासून घेत नाहीत. अब्बा 44 वर्षांचे, म्हणजे बाद. अम्मी 39 वर्षांची. वेळ थोडाच होता.

मी वहीत हिशेब मांडला. अम्मीच्या वयाला तीन हजारांच्या पेन्शनसाठी महिना 792 रुपये, साठी पूर्ण होईपर्यंत. 21 वर्षांत सुमारे दोन लाख जातील आणि मग दरमहा तीन हजार मिळतील.

"मला यात काय?" अब्बांनी विचारलं. खरी गोष्ट इथेच होती. अम्मीनंतर तीच पेन्शन तितकीच जोडीदाराला मिळते. दोघांनंतर वारसाला 5 लाख 10 हजार रुपये मिळतात. वय उलटलेल्या अब्बांनाही अम्मीच्या नावाने आधार मिळत होता.

मी उणी बाजूही सांगितली. भाव दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढले, तर 21 वर्षांनंतरचे तीन हजार आजच्या नऊशेइतकेच वाटतील. यात घर चालणार नाही, औषधं येतील. अब्बांनी व्याजाचंही विचारलं. पैसा बराचसा सरकारी रोख्यांत जातो आणि तो कुठे गुंतवावा हे आपण निवडू शकत नाही, हे मी लपवलं नाही. ते मौलानांशी बोलून आले. घरात यावर आजही दोन मतं आहेत, पण पैसे अम्मीच्या कमाईचे म्हणून निर्णय तिचा राहिला.

बँकेत आधार, मोबाइल नंबर आणि वारसाचं नाव देऊन फॉर्म भरला. खरी अडचण पुढे दिसली. दुकानाचे क्यूआरवरचे पैसे अब्बांच्या खात्यात येतात, अम्मीचं खातं रिकामं असतं. हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो. शिल्लक नसली तर तो थकतो आणि शंभर रुपयांमागे महिन्याला एक रुपया जादा भरावा लागतो.

यावर तोड अम्मीनेच काढली. रोज दुकान बंद करताना ती गल्ल्यातले तीस रुपये मेंदीच्या कोनांच्या रिकाम्या डब्यात टाकते आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी बँकेत भरून येते. आतापर्यंत एकही हप्ता चुकलेला नाही.