हार पेलेल असा पट

मुलगी पाच वर्षांची झाली तेव्हा आम्ही उभयतांनी तिच्यासाठी प्रथम ल्युडो आणला. ती आमची चूक होती. त्या खेळात सहा पडेपर्यंत सोंगटी घरातून निघत नाही, आणि निघालेली सोंगटी दुसरा मारतो. त्यामुळे हरण्याचे दुःख थेट बाबांवरच्या रागात उतरे. मग सापशिडी आणली. येथे गिळतो तो साप, माणूस नव्हे. शिवाय सारे फाशावर असल्याने मोठ्यांना मुद्दाम हरावे लागत नाही. परंतु १०० घरांचा डाव लांबे आणि ९८ वरच्या सापाने खाली आणले की ती पट उधळून देई.

अखेर आम्ही पुठ्ठ्यावर ३० घरांचा पट आखला. तीन शिड्या, दोन साप, शेवटची पाच घरे निर्धोक. डाव दहाएक मिनिटांत संपू लागला. हरल्यावर लगेच दुसरा मांडता येई. फासा वाटीत ठेवून ती वाटी पुढच्याच्या हाती द्यायची, असा नियम केला. वाटी हाती नाही तर पाळी नाही, हे तिला डोळ्यांनी दिसे.

एका संध्याकाळी ती हरली. ओठ थरथरले, पण तिने वाटी आईपुढे सरकवली आणि म्हणाली, "आता तू आधी." त्यानंतरच आम्ही ल्युडो पुन्हा कपाटातून काढला.