‘आवाज आली’

शनिवारी पुण्यात एका मीटअपला गेले होते. मुलांसाठी भाषेची अ‍ॅप करणारी मंडळी जमली होती. त्यात माझ्यासारखी शाळेत शिकवणारी फारशी कुणी नव्हती. चहाच्या टेबलापाशी एका कंपनीत माणसं निवडण्याचं काम करणाऱ्या बाई भेटल्या. चार-पाच मिनिटं बोललो, तेवढ्यात त्यांना कुणीतरी हाक मारली. जाता जाता त्यांनी कार्ड दिलं आणि म्हणाल्या, “मेल करा.”

‘मेल करा’ हे शब्द फार फसवे असतात. कधी त्याचा अर्थ खरंच मेल करा असतो, कधी ‘आता मला जाऊ द्या’ असा असतो. कुठला ते पाठवल्याशिवाय कळत नाही.

माझ्या बाजूने सांगायचं तर गरज होती. मी उर्दू शाळेत मराठी शिकवते, तेही तासांवर. येत्या जूनपासून माझे तास कमी होणार हे कानावर आलेलं आहे. त्यामुळे त्या रात्री मी जो पहिला मसुदा लिहिला त्यात बी.एड. कुठून केलं इथपासून सतरा वर्षांचा सगळा प्रवास होता. खाली ‘योग्य संधी मिळाल्यास आभारी राहीन’ होतं आणि सोबत तीन पानांचा बायोडाटा.

धाकटीला वाचायला दिला. बारावीला आहे, तोंडाने फटकळ. तिने शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, “अम्मी, हे वाचून त्यांनी करायचं काय?”

खरंच, करण्यासारखं काहीच नव्हतं. जागा आहे का, एवढा एकच प्रश्न त्यातून निघत होता. त्याचं उत्तर तर बाईंनी चहा पितानाच दिलं होतं: सध्या जागा नाही. मग मी तेच पुन्हा का विचारत होते?

दुसरी चूक माझी मलाच सापडली. मी लिहिलं होतं, ‘आपण म्हणालात की आपल्याला माझ्यासारख्या शिक्षिकेची गरज आहे.’ त्या असं म्हणाल्याच नव्हत्या. परतीच्या बसमध्ये मी मोबाइलवर दोन ओळी टिपून ठेवल्या होत्या, त्या काढून पाहिल्या. त्यांचे शब्द होते, “उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी वाक्यं वेगळी तपासावीत असं आमच्याकडे कुणाला सुचलंच नाही.” दोन्हींत फरक आहे. समोरच्याच्या तोंडी आपल्या सोयीचं वाक्य घातलं की त्याला आठवण राहत नाही, संशय येतो. हल्ली कुठेही कुणाला भेटले की बस सुटायच्या आत टिपून ठेवते. दोन दिवसांनी आपली आठवण आपल्या बाजूने झुकलेली असते.

आता त्या चार मिनिटांत आम्ही बोललो काय, तर ‘आवाज आली’बद्दल.

माझ्या वर्गात दर वर्षी कुणीतरी म्हणतंच, “बाई, बाहेरून आवाज आली.” कुणी लिहितं, ‘सहलीत खूप मजा आला.’ कुणाच्या वहीत ‘माझा नाव’ असतं, कुणाच्या ‘अब्बांची दुकान’. तपासणारा लाल शाईने गोल करतो आणि पुढे जातो. पण या चुका वाटेल तशा झालेल्या नाहीत. उर्दूत लिंगं दोनच, मराठीत तीन. शिवाय शब्द दोन्हीकडे तोच असला तरी लिंग तेच असेल असं नाही. उर्दूत आवाज़ स्त्रीलिंगी, मराठीत आवाज पुल्लिंगी. उर्दूत मज़ा आता है, मराठीत मजा येते. दुकान उर्दूत ‘ती’, मराठीत ‘ते’. मूल शब्द ओळखतं, घरचं लिंग त्याला चिकटवतं आणि बिनधास्त बोलतं. ज्या शब्दाची त्याला सगळ्यात जास्त खात्री, तिथेच ते चुकतं. अनोळखी शब्दाला ते निदान थबकून विचारतं तरी.

त्या कंपनीच्या अ‍ॅपमध्ये मूल ‘आवाज आली’ म्हणालं की चुकीची खूण येते, बरोबर उत्तर दिसतं आणि पुढचं वाक्य. मूल ते उत्तर पाठ करतं आणि दोन दिवसांनी ‘मजा आला’ म्हणतं. ही एकाच कारणाची दुसरी चूक आहे हे त्याला कुणी सांगत नाही. असे दोन्ही भाषांतले शब्द एकत्र आणून शिकवले, तर मुलं स्वतःच यादी वाढवायला लागतात. वर्गात हे मी पाहिलंय.

बाईंना मी आणखी एक गोष्ट सांगितली होती, आणि मला वाटतं त्यांनी कान दिला तो तिथे. सगळ्या मुस्लिम मुलांना एकाच पिशवीत घालू नका, असं मी म्हणाले. रत्नागिरी-रायगडकडची, घरात कोकणी बोलणारी मुलं ‘माझा नाव’ सहसा म्हणत नाहीत, कारण त्यांच्या घरच्या बोलीत नपुंसकलिंग आहेच. प्रश्न घरच्या भाषेचा आहे.

इतकं सगळं मेलमध्ये घालायचा मोह होताच. नाही घातलं. सोमवारी सकाळी साडेनऊला जे पाठवलं ते असं, विषय होता ‘शनिवारचं बोलणं: आवाज आली’:

‘नमस्कार मॅडम,

शनिवारी चहाच्या टेबलापाशी आपण भेटलो. उर्दू शाळेत मराठी शिकवणारी ती मीच. उर्दू बोलणारी मुलं “आवाज आली”, “मजा आला” का म्हणतात यावर आपलं बोलणं अर्धवट राहिलं. अशा बारा शब्दांचं अर्धं पान सोबत जोडलं आहे.

सध्या जागा नाही हे आपण सांगितलंत, ते लक्षात आहे. माझी सूचना लहान आहे. आपल्या एका धड्यातली वीस वाक्यं मला पाठवा. उर्दू माध्यमाचं मूल कुठे आणि का अडेल हे मी खुणा करून देईन आणि धडे लिहिणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांशी वीस मिनिटं फोनवर बोलेन. मंगळवारी किंवा गुरुवारी साडेचारनंतर मला जमेल. आत्ता वेळ नसेल तर तसं कळवलं तरी चालेल.’

खाली नाव आणि नंबर. बायोडाटा नाही.

वीसच वाक्यं का, हे धाकटीने विचारलं. वीस वाक्यं मी एका संध्याकाळी फुकट तपासू शकते. पूर्ण पुस्तक फुकट तपासून दिलं तर मग ते काम पैसे देऊन कोण करून घेईल? आणि फोन बाईंशी न मागता धडे लिहिणाऱ्यांशी मागितला, कारण उपयोग आहे की नाही ते त्यांनाच कळणार. बाईंना फक्त मेल पुढे ढकलायचा होता.

आठवडाभर काही नाही. सतरा वेळा मोबाइल पाहिला असेल. दहाव्या दिवशी त्याच मेलखाली दोन ओळींची आठवण पाठवली आणि ठरवलं, याच्यावर तिसरी नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. दीड ओळ. सहकाऱ्याला कॉपीत घेतलं होतं आणि सोबत तिसरीच्या धड्याची वाक्यं होती. वीस नाही, चौतीस. मी पहिली वीस तपासली आणि तसं स्पष्ट लिहिलं. त्यातल्या सात ठिकाणी खूण केली. एका वाक्यात ‘मैदान’ होतं, उर्दूत पुल्लिंगी, मराठीत नपुंसकलिंगी. चित्रात मूल मोकळ्या मैदानात उभं, खाली रिकामी जागा: ‘हे मैदान ____ आहे’, आणि पर्याय दोनच, ‘मोठा’ आणि ‘मोठी’. ‘मोठं’ द्यायचंच राहून गेलं होतं.

फोन येत्या गुरुवारी, पावणेपाचला. शाळा सुटल्यावर स्टाफरूममध्ये गलका असतो, म्हणून वाचनालयाची किल्ली मागून ठेवली आहे.