नाण्यावरचा पाय



यंदा चातुर्मासात दुपारच्या वेळी मी एक जाडजूड कादंबरी वाचून संपवली. व्हिक्टर ह्यूगोची ‘ले मिझराब्ल’, 1862 साली फ्रान्समध्ये आलेली. तिच्यातली बिशपच्या चांदीच्या शमादानांची गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळजणींनी ऐकली असेल. पाव चोरला म्हणून पकडलेला आणि पळून जाण्याच्या प्रयत्नांमुळे शिक्षा वाढत जाऊन एकोणीस वर्षं कैदेत काढलेला ज्याँ वालजाँ 1815 साली सुटतो. त्याला कुणी दारात उभं करत नाही. एक म्हातारे बिशप जेवू घालतात, झोपायला बिछाना देतात, आणि हा रात्री त्यांचीच चांदीची भांडी घेऊन पळतो. शिपाई त्याला पकडून आणतात तर बिशप म्हणतात, ही तर मीच दिली होती, आणि शमादानं का विसरलास? तीही ने.

आपण गोष्ट इथे संपवतो. क्षमा मिळाली आणि चोराचा साधू झाला. मीही इतकी वर्षं मुलांना असंच सांगत होते. पण कादंबरीत असं होत नाही. बिशपच्या दारातून निघाल्यावर त्याच दिवशी वालजाँ पुन्हा चोरी करतो, आणि तीही एका लहान पोराची.

माणूस कसा बदलत गेला हे कादंबरीत बघायचं असेल तर तो काय बोलला, किती रडला यावर जाऊ नये, असं मला हे पुस्तक वाचताना पटलं. त्याने कुठे निवड केली तेवढंच बघावं. प्रत्येक निवडीला मी तीन गोष्टी विचारत गेले. दुसरी वाट मोकळी होती का? ही वाट घेतल्यावर त्याचं काय गेलं? आणि कोण बघत होतं?

पहिली निवड त्या पोराची. माळरानावर वालजाँ बसलेला असतो. जर्वे नावाचा दहा-बारा वर्षांचा मुलगा नाणी उडवत खेळत येतो. त्यातलं चाळीस सूंचं नाणं घरंगळत येतं आणि वालजाँ त्यावर पाय ठेवतो. पोरगं रडतं, विनवतं. हा त्याला हाकलून लावतो. पोर निघून गेल्यावर बऱ्याच वेळाने त्याला पायाखाली चमकणारं नाणं दिसतं आणि तो हादरतो. हाका मारत धावतो, पण मुलगा सापडत नाही. तेव्हा हा माणूस एकोणीस वर्षांत प्रथमच रडतो.

इथे बघा, त्याने खिशात हात घातला नव्हता. फक्त पाय ठेवला होता आणि उचलला नव्हता. क्षमा मिळाली तरी सवय तशीच होती. बिशपनी दिलेलं दान हे त्यांचं कृत्य होतं. वालजाँचं पहिलं स्वतःचं कृत्य म्हणजे त्या पोराच्या मागे धावणं, आणि त्याला उशीर झाला होता.

हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि दोन दिवस उघडलं नाही. का ते शेवटी सांगते.

दुसरी निवड आठ वर्षांनी येते. वालजाँ आता ‘मादलेन’ या नावाने एका गावाचा महापौर झालाय. कारखाना काढलाय, गोरगरिबांना काम दिलंय. एक दिवस कळतं की आरास गावात शाँमातिए नावाच्या एका गरीब म्हाताऱ्याला सफरचंदं चोरल्यावरून धरलंय, आणि तोच ज्याँ वालजाँ आहे असं जुने कैदी ओळखून सांगताहेत. त्याला जन्मठेप होणार. याने गप्प बसायचं की झालं, वालजाँ हे नाव कायमचं गाडलं जाईल.

ती रात्र ह्यूगोने पानंच्या पानं लिहिली आहे, आणि त्यात वालजाँ स्वतःला जे समजावतो ते फार ओळखीचं आहे. मी गेलो तर कारखाना बंद पडेल, एवढ्या माणसांच्या पोटाचं काय? आजारी फांतिनला तिची मुलगी आणून देतो म्हटलंय, त्याचं काय? एका सफरचंदचोरासाठी सगळं गाव उपाशी घालायचं? चांगुलपणाचं कारण पुढे करून माणूस वाईट वाटेला कसा लागतो, ते इथे दिसतं. तो जुने कपडे, काठी, झोळी सगळं जाळतो. त्या चिंध्यांत पोराचं ते नाणं चमकतं. शमादानंही विस्तवात टाकायला निघतो, पण आतून आवाज येतो आणि हात थांबतो.

सकाळी तो निघतो, पण ठरवून नव्हे. वाटेत गाडीचं चाक मोडतं तेव्हा त्याला सुटल्यासारखं वाटतं. आपण प्रयत्न केला, दैवानेच अडवलं! तेवढ्यात एक म्हातारी आपली गाडी द्यायला तयार होते. कचेरीत पोचल्यावरही तो दारापाशी जाऊन मागे फिरतो, बोळातून पळतो आणि पुन्हा येतो. मग भर न्यायालयात उभा राहून सांगतो, वालजाँ मी आहे. कैद्यांच्या अंगावरच्या खुणा सांगून तो ते पटवूनही देतो. तिथे आल्यापासून तासाभरातच त्याचे केस पांढरे झालेले असतात.

मला यातलं न्यायालयातलं भाषण मोठं वाटलं नाही. बोळातून पळून पुन्हा मागे येणं मोठं वाटलं. ते कुणी पाहिलं नव्हतं.

तिसरी निवड मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि तिच्याबद्दल फार कुणी बोलत नाही. फांतिन मेल्यावर तिच्या मुलीला, कोझेतला, त्याने बापासारखं वाढवलं. आता 1832 साल आहे, कोझेत तरुण आहे आणि मारियस नावाच्या मुलावर तिचं प्रेम आहे. वालजाँला हे कळतं ते आरशातून. तिने पत्र लिहून टीपकागदावर टिपलेलं असतं, ती उलटी अक्षरं आरशात सुलट दिसतात. त्याच रात्री मारियसने कोझेतला पाठवलेली चिठ्ठी त्याच्या हातात पडते. मारियस पॅरिसच्या बंडात अडकलाय, मरायला तयार बसलाय.

आणि या पुण्यवान माणसाला आनंद होतो. चिठ्ठी खिशात ठेवायची, बस. आपण काहीच करायचं नाही, तो मुलगा आपोआप मरेल.

स्वाध्यायात आपण गुणस्थानं वाचतो. उपशम श्रेणीने चढणारा जीव अकराव्या गुणस्थानापर्यंत जाऊनसुद्धा खाली येतो, कारण कषाय दबलेले असतात, नष्ट झालेले नसतात. वालजाँ काही त्या श्रेणीचा जीव नव्हे, तशी तुलना मी करत नाही. पण गाळ तळाशी बसलेलं पाणी वरून स्वच्छ दिसतं आणि ढवळलं की गढूळ होतं, हा दृष्टांत मला या पानावर नीट समजला. सतरा वर्षांच्या चांगुलपणाच्या तळाशी गाळ होताच. आणि तो ढवळला कुणी? लोभाने नाही, पोटच्यासारख्या मुलीवरच्या मायेने. आपल्या रागातही ‘माझं’ असतंच ना?

पुन्हा पायाखालचं नाणंच हे. काही करायचं नाही, फक्त पाय उचलायचा नाही. फरक एवढाच की या वेळी तो पाय उचलतो. तासाभराने बंदूक घेऊन बाहेर पडतो, बंडाच्या जागी जातो, आणि जखमी मारियसला पाठीवर घेऊन पॅरिसच्या गटारांतून बाहेर काढतो. त्याआधी तिथेच त्याला त्याचा जन्माचा पाठलाग करणारा पोलीस अधिकारी जावेर बांधलेला सापडतो. त्याला मारायचं काम वालजाँ मागून घेतो, गल्लीत नेऊन दोर कापतो, आपला पत्ता सांगतो आणि हवेत गोळी झाडतो. मागच्या लोकांना वाटतं, मारलं. इथे तर चांगलं केल्याचं श्रेयही मिळायची सोय नव्हती. म्हणून मी तिसरा प्रश्न सगळ्यात मोठा धरते. पहिल्यांदा बिशप होते, मग न्यायालय होतं, शेवटी कुणीच नाही.

चौथी निवड कोझेतच्या लग्नानंतरची. लग्नाच्या नोंदीवर खोट्या नावाने सही करावी लागू नये म्हणून तो हाताला जखम झाल्याचं सोंग करून पट्टी बांधतो. दुसऱ्या दिवशी मारियसला जाऊन सांगतो, मी सुटलेला कैदी आहे. कुणी विचारलं नव्हतं, कुणाला कधी कळलंही नसतं. तत्त्वार्थसूत्रात शल्य नसेल तोच व्रती म्हटलंय. काटा आत ठेवून व्रत होत नाही. ही त्याची आलोचना.

पण इथे माझं लेखकाच्या नायकाशी थोडं भांडण आहे. तो आपले दोष सगळे सांगतो आणि तुला गटारातून मीच आणलं हे मात्र लपवतो. मारियस त्याला दूर ठेवतो, कोझेतला बाप दुरावतो आणि तो एकटा झुरत मरणाला टेकतो. खरं कळून दोघं धावत येतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. स्वतःला शिक्षा करण्याचाही एक मोह असतो, आणि त्यात आपल्या माणसांची हिंसा होते. प्रायश्चित्त गुरू देतात, आपलं आपण वाढवून घ्यायचं नसतं, याचं कारण मला इथे कळलं.

आता पुस्तक का मिटलं ते. नऊ वर्षांपूर्वी सासूबाईंनी जायच्या आधी माझ्याजवळ दोन पाटल्या दिल्या होत्या, वन्संच्या मुलीच्या लग्नात तिला द्यायला. लग्न झालं. मी दिल्या नाहीत. सहा वर्षं सासूबाईंचं सगळं मी केलं, वन्सं पाहुणीसारख्या यायच्या, असं मनाला सांगत राहिले. सांगणारी गेली होती, ऐकणारी मी एकटी. मी चोरी केली असं मला कधी वाटलंच नाही. पाटल्या फक्त लॉकरमध्ये होत्या.

दरवर्षी क्षमावाणीला मी वन्संना फोन करते आणि कळत-नकळत झालेल्या चुकीची क्षमा मागते. कळत-नकळत! यंदा फोन केला नाही. रविवारी पाटल्या घेऊन गेले आणि काय झालं ते सांगितलं. वन्सं बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आईनं मला सांगितलं होतं गं वहिनी. मी वाट बघत होते.”

नऊ वर्षं. मला वाटत होतं कुणी बघत नाही.

त्यांनी क्षमा केली का, ते अजून मला ठाऊक नाही. चहा मात्र केला, आणि निघताना अंधार पडायच्या आत घरी पोच म्हणाल्या.