गोळीवर १२५० लिहिले आहे, पण कॅल्शियम किती?

"डॉक्टर, तुम्ही चिठ्ठीत ५०० लिहिलंय आणि केमिस्टने १२५० ची गोळी दिली. जास्त पॉवरची तर नाही ना?" कॅल्शियमची पट्टी पुढे करून हा प्रश्न विचारणारे महिन्यातून दोन-चार जण तरी माझ्या दवाखान्यात येतात. त्यांची गोळी बहुतेक वेळा बरोबरच असते. पण मला खरी काळजी वाटते ती हा प्रश्न न विचारता स्वतःच हिशोब करणाऱ्यांची.

आधी हे दोन आकडे का असतात ते पाहू. शुद्ध कॅल्शियम हा धातू आहे. पाण्याशी त्याची लगेच प्रक्रिया होते, त्यामुळे तो तसाच गोळीत भरता येत नाही. म्हणून तो कशाशी तरी जोडलेल्या रूपात, म्हणजे संयुगाच्या रूपात, दिला जातो. आपल्या भाईंदरच्या मिठागरांतले मीठ हेही असेच एक संयुग आहे, सोडियम आणि क्लोरीनचे. तुम्ही पाच ग्रॅम मीठ खाल्ले तर पाच ग्रॅम सोडियम खाल्ले असे होत नाही. सोडियम साधारण दोनच ग्रॅम असते, बाकीचे वजन क्लोरीनचे.

कॅल्शियम कार्बोनेटचेही तसेच आहे. कॅल्शियमचे वजन ४०, कार्बनचे १२ आणि ऑक्सिजनच्या तीन अणूंचे मिळून ४८, म्हणजे एकूण १००. शंभरातले ४० कॅल्शियम. म्हणून १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमध्ये ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. यालाच 'एलिमेंटल कॅल्शियम' म्हणतात. शरीराला उपयोग याच आकड्याचा, आणि आम्ही डॉक्टर डोस ठरवतो तोही याच आकड्यावर. गरोदर बायकांना सरकारी कार्यक्रमात रोज दोन कॅल्शियमच्या गोळ्या देतात, त्या प्रत्येकीतले ५०० मिलिग्रॅमही एलिमेंटलच असतात.

दुसरे संयुग घेतले की प्रमाण बदलते. कॅल्शियम सायट्रेटमध्ये कॅल्शियम सुमारे २१ टक्के, तर ग्लुकोनेटमध्ये जेमतेम ९ टक्के. इथेच घोटाळा होतो.

मीरा रोडच्या एका बाईंची गोष्ट सांगतो. वय पंचेचाळीसच्या आसपास. गाठीमुळे त्यांची पूर्ण थायरॉईड ग्रंथी काढली होती. थायरॉईडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉईड ग्रंथी असतात आणि रक्तातले कॅल्शियम सांभाळणे हे त्यांचे काम. शस्त्रक्रियेत त्यांचा रक्तपुरवठा दुखावला तर त्या काही आठवडे, कधी कायमच्या, गप्प बसतात. तोवर कॅल्शियम बाहेरून द्यावे लागते. या बाईंना कॅल्शियम ५०० च्या दोन गोळ्या दिवसातून तीन वेळा आणि सोबत कॅल्सिट्रिऑल असे औषध दिले होते. म्हणजे रोज ३००० मिलिग्रॅम एलिमेंटल कॅल्शियम.

दहा-बारा दिवसांत गॅस आणि बद्धकोष्ठतेने त्या हैराण झाल्या. कुणीतरी सांगितले की सायट्रेट पोटाला सोसते. हे खरेच आहे. मुलाने ऑनलाइन बाटली मागवली, तिच्यावर मोठ्या अक्षरांत 'कॅल्शियम सायट्रेट १००० मिग्रॅ'. घरच्यांनी हिशोब केला की आधी ५०० च्या दोन, आता १००० ची एक. वरवर अगदी बिनचूक! पण त्या १००० मध्ये कॅल्शियम होते सुमारे २१०. दिवसाच्या तीन गोळ्यांचे झाले ६३०. डोस एक पंचमांशावर आला होता आणि घरात कुणालाच त्याचा पत्ता नव्हता.

चौथ्या दिवशी त्या आल्या. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येत होत्या, रात्री पायात गोळे. "अशक्तपणा असेल," असे त्या म्हणाल्या. मी बीपीचा पट्टा दंडावर नेहमीपेक्षा जास्त फुगवून तीन मिनिटे तसाच ठेवला. दुसरे मिनिट संपायच्या आत मनगट वाकले, बोटे एकत्र येऊन ताठ झाली. रक्तात कॅल्शियम कमी असल्याची ही जुनी आणि भरवशाची खूण आहे. त्यांना लगेच रुग्णालयात पाठवले. तिथे कॅल्शियम ६.९ आले, ते साधारण ८.५ च्या वर हवे. याहून खाली गेले असते तर झटके येण्याची किंवा हृदयाची लय बिघडण्याची भीती होती.

शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट दिल्यावर मुंग्या थांबल्या. पुढे सायट्रेटच का सुरू ठेवले नाही? कारण ३००० मिलिग्रॅम भरायला तसल्या चौदा गोळ्या रोज लागल्या असत्या. म्हणून पुन्हा कार्बोनेटच दिले, पण जेवणाबरोबर, कारण ते विरघळायला जठरातले आम्ल लागते. बद्धकोष्ठतेचे औषध वेगळे दिले. थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी आणि कॅल्शियम तिच्यानंतर किमान चार तासांनी, कारण कॅल्शियम ती गोळी शोषू देत नाही. दोनेक महिन्यांत पॅराथायरॉईड पुन्हा काम करू लागल्या आणि रक्ततपासणी पाहत डोस उतरवत नेला.

तुमच्या हातातली बाटली कशी वाचायची? पुढच्या बाजूचा मोठा आकडा सोडा आणि मागची बारीक ओळ शोधा. 'इक्विव्हॅलंट टू एलिमेंटल कॅल्शियम' या शब्दांपुढचा आकडा तुमचा. 'कॅल्शियम (सायट्रेट स्वरूपात) २५०' असे लिहिले असेल तर २५० हे कॅल्शियमच. पण नुसते 'कॅल्शियम सायट्रेट २५०' असेल तर कॅल्शियम निघेल पन्नास-बावन्न. आणि तो आकडा एका गोळीचा आहे की दोन गोळ्यांच्या 'सर्व्हिंग'चा, हेही पाहा.

चूक उलट दिशेनेही होते. कुणी सायट्रेट १००० च्या दोन गोळ्या घेत असेल आणि 'तेवढेच' म्हणून १००० मिलिग्रॅम एलिमेंटल असलेल्या दोन गोळ्या घेऊ लागला, तर ४२० चे २००० होतात. ज्याला मुतखडा होऊन गेला आहे त्याला हे महागात पडू शकते.

मात्र एलिमेंटल आकडा म्हणजे शरीरात शिरलेला आकडा नव्हे. मॅग्नेशियम ऑक्साईडमध्ये तब्बल ६० टक्के मॅग्नेशियम असते, पण ते फार कमी शोषले जाते. बरेचसे आतड्यातच राहून जुलाब करते. सायट्रेटमध्ये मॅग्नेशियम कमी, पण शोषण बरे. कॅल्शियमचेही एका वेळी ५०० मिलिग्रॅमपर्यंत शोषण चांगले होते, म्हणून मोठा डोस दिवसभरात विभागून देतात.

तेव्हा ब्रँड बदलायचा असेल तर खुशाल बदला, पण जुनी पट्टी आणि नवी बाटली दोन्ही घेऊन डॉक्टरकडे किंवा केमिस्टकडे जा आणि "दोन्हींतलं एलिमेंटल किती?" एवढे विचारून घ्या. थायरॉईडची शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर हे विचारल्याशिवाय गोळी बदलूच नका.