काळ्या बुरख्यावरचे पांढरे रुवें

नवा टॉवेल आणि काळा बुरखा एकाच पाण्यात धुतले की काय होतं, हे सोलापुरात राहणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. आमच्या गावात टॉवेल विणले जातात, त्यामुळे घरात टॉवेलांना तोटा नाही. पाहुणा आला की टॉवेल, लग्नात आहेर म्हणून टॉवेल. पहिल्या दोन-तीन धुण्यांत हे टॉवेल इतके सुटे धागे सोडतात की त्यांच्याबरोबरच्या काळ्या कपड्यावर पिठाची चाळण झटकल्यासारखं वाटतं. आमच्या अम्मी त्याला रुवें म्हणतात. मीही तोच शब्द वापरते.

त्यातही नायडाच्या कापडाचा बुरखा म्हणजे रुव्यांचं आवडतं ठिकाण. हे कापड पॉलिस्टरचं असतं. त्याचे स्वतःचे धागे फारसे सुटत नाहीत, पण वाळताना आणि एकमेकांवर घासताना त्यात वीज साठते, आणि आजूबाजूचे कापसाचे धागे ते ओढून धरतं. सुती ओढणी झटकली की रुवें उडून जातात, बुरखा झटकला की ते तिथेच चिकटून राहतात.

हा विषय लिहायला घेतला तो माझ्या नणंदेमुळे. आपांच्या घरी वरून कपडे टाकायचं, पूर्ण ऑटोमॅटिक मशीन आहे. आठ वर्षं झाली असतील. गेल्या वर्षभरात त्यातून निघणाऱ्या प्रत्येक काळ्या कपड्यावर रुवें यायला लागले. अम्मी तेव्हा आपांकडेच राहत होत्या. त्यांनी आपला बुरखा मशीनमध्ये टाकू देणं बंद केलं आणि गुडघे दुखत असतानाही मोरीत पाटावर बसून तो हातानं धुवायला लागल्या. आपांना ते बघवेना. घरी आलेल्या मिस्त्रीनं झाकण उघडून आत डोकावलं आणि सांगितलं, ‘मशीन आता जुनी झाली, नवी घ्या.’ पैसे आपांनी बाजूला काढायला सुरुवातही केली होती.

‘जाळी साफ करता का?’ मी फोनवर विचारलं.

‘अगं, रोज करते. चकाचक असते,’ आपा म्हणाल्या.

आणि ते खरं होतं. म्हणून तर मी जाऊन बघायचं ठरवलं. जाळी चकाचक असूनही रुवें येत असतील, तर चूक दुसरीकडे कुठेतरी होती.

आधी ही जाळी काम कशी करते ते बघू. ड्रमच्या तळाशी जी चकती फिरते, ती कपडे तर फिरवतेच, पण तिच्या खालच्या बाजूलाही पाती असतात. ती पाती पाण्याला ड्रमच्या भिंतीतल्या उभ्या पन्हाळीतून वर ढकलतात. वर चढलेलं पाणी जाळीतून गाळून पुन्हा ड्रममध्ये पडतं. धागे जाळीत अडकतात, पाणी परत जातं. चहाच्या गाळणीचाच प्रकार. फरक एवढाच, की चहा आपण स्वतः गाळणीवर ओततो आणि इथे पाण्याला आपणहून गाळणीपर्यंत चढावं लागतं. पाणी तिथपर्यंत पोहोचलं नाही किंवा पोहोचून जाळीच्या पार गेलं नाही, तर जाळी कितीही स्वच्छ दिसो, रुवें पाण्यातच फिरत राहतात आणि शेवटी पाणी निघून जाताना कपड्यांवर बसतात.

आपांकडे गेल्यावर मी पहिल्यांदा बुरख्यावरचे रुवें बोटांवर घेतले, थोडं पाणी लावलं आणि चोळले. हे आधी करावं, कारण कपड्यांवर पांढरं दिसणारं सगळंच रुवें नसतं. चोळल्यावर बुळबुळीत होऊन विरघळलं तर ती न विरघळलेली पावडर असते. पावडर जास्त पडते किंवा पाणी कमी पडतं तेव्हा ती राहते. करड्या-काळ्या, चिकट पापडीसारखे तुकडे निघाले तर तो ड्रमच्या बाहेरच्या बाजूला साचलेला मळ असतो. तो जाळी धुऊन जात नाही, त्यासाठी रिकामं मशीन ड्रम साफ करायच्या पावडरीवर चालवावं लागतं. आपांच्या बुरख्यावरचं मात्र चोळलं तरी धाग्याचा धागाच राहिलं. म्हणजे प्रकरण जाळीचंच.

मशीन बंद करून प्लग काढला आणि जाळी बाहेर काढली. आपांच्या मशीनमध्ये ती भिंतीवर बसवलेल्या प्लॅस्टिकच्या चौकटीत असते. वरची खिट्टी दाबून चौकट आपल्याकडे ओढली की ती सुटते. काही मशीनमध्ये चौकटीऐवजी मोज्यासारखी लोंबती पिशवी असते, तिचं काम तेच. आपांची जाळी खरोखर स्वच्छ होती, एक धागा नाही. मी ती आडवी धरली आणि पेल्यानं तिच्यात पाणी ओतलं.

पाणी तिच्यात वाटीतल्यासारखं थांबलं. मग हळूहळू, थेंब थेंब गळायला लागलं.

आपा बघतच राहिल्या. जाळीचं प्रत्येक छिद्र एका पातळ, न दिसणाऱ्या थरानं अर्धं बुजलेलं होतं. आपांच्या इमारतीत बोअरचं पाणी येतं. अशा जड पाण्यातला क्षार आणि साबण एकत्र आले की न विरघळणारा साका तयार होतो. तोच बादलीच्या काठावर पांढऱ्या रेघेसारखा दिसतो आणि तोच जाळीवर बसतो. नळाखाली धरून रुवें निघतात, हा थर निघत नाही. म्हणून जाळी नुसती बघू नये, तिच्यात पाणी ओतून बघावं. पाणी सरळ आरपार पडलं पाहिजे.

थर काढायला स्वयंपाकघरातला पांढरा सिरका पुरतो. एक पेला सिरका, एक पेला कोमट पाणी, त्यात जाळी अर्धा तास बुडवून ठेवली. पाणी कोमटच हवं, उकळतं घातलं तर प्लॅस्टिकची चौकट वाकते आणि मग ती जागेवर घट्ट बसत नाही. नंतर जुन्या टूथब्रशनं दोन्ही बाजूंनी हलक्या हातानं घासली. तारेची घासणी लावायची नाही, जाळी फाटते. आणि एक गोष्ट जपून: सिरका आणि ब्लीच कधीही एकत्र करायचे नाहीत, एकामागोमाग एकाच भांड्यातही नाही. त्यातून निघणारा वायू श्वासाला घातक असतो.

धुतल्यावर जाळी खिडकीकडे धरून उजेडात बघितली. शिवणीजवळ किंवा कोपऱ्यात तांदळाएवढं भोक असलं तरी जाळीनं पकडलेले रुवें तिथून पुन्हा पाण्यात जातात. असं भोक सुईदोऱ्यानं शिवून फार दिवस टिकत नाही, जाळी नवीनच घ्यावी. आपांची जाळी शाबूत होती.

जाळी काढल्यावर भिंतीत जी पोकळी उरते, तिकडे सहसा कुणाचा हात जात नाही. मी ओलं फडकं बोटाला गुंडाळून आत फिरवलं, तर काळपट, बुळबुळीत लगदा निघाला. पाणी वर येतं ती वाट हीच, आणि ती चिंचोळी झाली होती. तीन-चार वेळा फडकं फिरवल्यावर ती मोकळी झाली.

मग मी ड्रम हातानं फिरवला आणि समोरच्या बाजूला तशीच दुसरी चौकट दिसली.

‘ही पण जाळीच आहे?’ आपांनी विचारलं. त्यांना वाटत होतं, ते नुसतं झाकण आहे. पुष्कळ मशीनमध्ये समोरासमोर दोन जाळ्या असतात, आणि विकणारा माणूस एकच काढून दाखवतो. ही दुसरी उघडली तेव्हा आत रुव्यांचा एक घट्ट गोळा होता, नमद्यासारखा दाबलेला. आठ वर्षांतले टॉवेल, चादरी, जानमाज, मुलांचे मोजे, सगळं त्यात होतं. आपा आधी ‘तौबा!’ म्हणाल्या आणि मग हसायला लागल्या.

दोन्ही जाळ्या बसवताना खालची कड आधी खाचेत घालायची आणि वरून ‘टक’ असा आवाज येईपर्यंत दाबायचं. तो आवाज आला नाही तर जाळी धुण्याच्या मध्येच सुटते आणि कपड्यांत सापडते. जाळी न बसवता मशीन चालवायचंच नाही.

राहिला पाण्याचा प्रश्न. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी मोजून वापरावं लागतं, म्हणून आपा ड्रम गच्च भरून पाण्याची पातळी सगळ्यात कमी ठेवत. यात त्यांचा दोष कसा म्हणू? पण कपडे दाटीवाटीनं बसले की पाण्याला फिरायला जागा राहत नाही, ते वर जाळीपर्यंत चढत नाही आणि भिंतीला दाबलेले कपडे जाळीचं तोंडच झाकून टाकतात. ड्रमचा वरचा तिसरा हिस्सा रिकामा राहील एवढेच कपडे टाकावेत आणि पाणी त्या कपड्यांच्या मानानं ठेवावं. पाणी वाचवायचं असेल तर खळबळलेलं शेवटचं पाणी बादलीत घेऊन फरशीला, मोरीला वापरता येतं.

त्या दुपारी आधी मशीन रिकामं चालवलं, म्हणजे सुटलेला गाळ निघून जावा. त्यानंतर फक्त अम्मींचा बुरखा उलटा करून आणि दोन काळ्या ओढण्या टाकल्या. बाहेर काढल्यावर उजेडात धरून बघितलं, तर खांद्याजवळ चार-पाच रुवें होते, बस. जाळी कितीही चांगली असली तरी तेवढे राहतातच, ते वाळल्यावर चिकटपट्टीनं निघतात. नवा टॉवेल बरोबर टाकला तर मात्र दोन स्वच्छ जाळ्याही हरतात. तेवढे धागे त्यांना आवरत नाहीत. नवे टॉवेल पहिल्या तीन धुण्यांत वेगळेच धुवावेत, आणि खिशातला कागदी रुमाल आधी काढावा. एक कागदी रुमाल अख्ख्या मशीनभर बर्फ पाडतो.

अम्मींनी बुरखा हातात घेऊन उलटा-सुलटा केला, चष्मा वर करून बाह्या तपासल्या. ‘ठीक आहे,’ एवढंच म्हणाल्या. पुढच्या जुम्याला बुरखा मशीनमध्ये गेला, पाटा मोरीतून उचलला गेला.

आता आपा प्रत्येक धुण्यानंतर दोन्ही जाळ्यांतले रुवें काढतात. ओलेपणीच काढले तर ते चामड्याच्या तुकड्यासारखे एका पट्टीत निघतात, वाळले तर जाळीच्या छिद्रांत अडकून बसतात. सिरक्यात महिन्यातून एकदा भिजवतात. आमच्याकडे नळाचं पाणी येतं, तिथे दोन-तीन महिन्यांनी पुरतं. जाळी बदलायची वेळ आली तर जुनी जाळी बरोबर घेऊनच दुकानात जावं आणि मशीनवरच्या पट्टीचा मोबाइलवर फोटो काढून न्यावा. दिसायला सगळ्या जाळ्या सारख्या असतात, पण खाच बोटाच्या पेराएवढी जरी वेगळी असली तरी ‘टक’ होत नाही.