सराव मुलाखतीचा निरोप

सरकारी बँकेत स्केल एकवरून स्केल दोनवर जाताना मुलाखत द्यावी लागते. माझ्या मुलाखतीला तीन आठवडे उरले होते, तेव्हा मी कर्जविभागातल्या एका सहकाऱ्यांना म्हटलं, "सर, जमलं तर एकदा माझी मुलाखत घ्याल का?" ते लगेच हो म्हणाले. जेवणाच्या सुट्टीत, डबा खाता खाता त्यांनी सात-आठ प्रश्न विचारले. मी अडखळले की पुढचं वाक्य तेच पूर्ण करायचे. शेवटी मी विचारलं, "कसं झालं?" ते म्हणाले, "छान! फक्त आत्मविश्वास वाढवा."

घरी जाताना मी त्या वाक्याचा विचार करत होते. उद्या सकाळी उठून मी नेमकं काय बदलायचं, हे त्यातून कळत नव्हतं. पण चूक त्यांची नव्हती. रोज शेजारी बसणाऱ्या माणसाला "कसं झालं?" असं विचारलं, की तो आपलं मन जपतो. शिवाय माझं काम त्यांना ठाऊक होतं. त्यामुळे मी जे बोललेच नाही, तेही त्यांना ऐकू येत होतं.

दोन दिवसांनी मी त्यांना लिहून निरोप पाठवला:

"सर, दुसऱ्या शनिवारी सुट्टी आहे. सकाळी 11 ते 11:45 वेळ देऊ शकाल का? नाहीतर बुधवारी संध्याकाळी 6:30 नंतर. वीस मिनिटं मुलाखत आणि उरलेला वेळ अभिप्राय. तुम्ही मंडळावरचे, कर्जविभागाचे उपमहाव्यवस्थापक आहात आणि माझा एक पानाचा बायोडेटा सोडून माझ्याबद्दल तुम्हाला काहीच माहीत नाही, असं धरा. मी अडले तर मदत करू नका. मला तीनच गोष्टी सांगा. मुद्दा पहिल्या दोन वाक्यांत आला का? शाखेचं काम आणि मी स्वतः केलेलं काम वेगळं कळलं का? माहीत नसताना मी कुठे ठोकून दिलं? भाषेबद्दल या वेळी नको. वेळ नसेल तर मोकळेपणाने नाही म्हणा."

शनिवारी ते वही घेऊन बसले. पहिलाच प्रश्न आला, "थकीत खात्यांबाबत तुमच्या शाखेत काय करता?" मी म्हणाले, "आम्ही नियमित पाठपुरावा करतो." त्यांनी विचारलं, "आम्ही म्हणजे कोण? तुम्ही स्वतः हाताळलेलं एक खातं सांगा."

मग मी एका दूधव्यवसायाच्या मुदत कर्जाचं सांगितलं. हप्ता थकून 71 दिवस झाले होते, म्हणजे खातं एसएमए-2 मध्ये होतं. 90 दिवस उलटले की ते एनपीए होणार. मी गोठ्यावर गेले तेव्हा दोन गाई आजारी असल्याचं कळलं. दुधाचं बिल निम्म्यावर आलं होतं. थकलेल्या हप्त्यातली अर्धी रक्कम मी त्याच आठवड्यात भरून घेतली.

"अर्धा हप्ता भरल्यावर दिवसांची मोजणी थांबली?"

"हो सर, खातं साधारणपणे नियमित झालं."

ते काही बोलले नाहीत. वहीत एक खूण केली आणि पुढे गेले.

अभिप्रायाच्या वेळी त्यांनी ती खूण दाखवली. सर्वांत जुना हप्ता पूर्ण भरला जात नाही, तोवर मोजणी त्याच्या मूळ देय तारखेपासूनच चालू राहते. मी चुकीचं उत्तर दिलं होतं. पण त्याहून मोलाचं त्यांनी पुढे सांगितलं, "तुम्हाला माहीत नसतं, तेव्हा तुमचा आवाज चढतो आणि 'साधारणपणे' हा शब्द येतो. आज असं तीनदा झालं." हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलं नव्हतं.

माणूस तोच होता, त्याचा माझ्याबद्दलचा सद्भावही तोच. फरक फक्त माझ्या मागण्यात होता. वेळ ठरल्यामुळे मुलाखत डब्यासोबत उरकली गेली नाही. भूमिका ठरल्यामुळे त्यांना गप्प राहता आलं. आणि तीन प्रश्न हाती असल्यामुळे चूक दाखवणं हे मला दुखावणं न राहता मी सोपवलेलं काम झालं. भाषेबद्दल नको म्हटल्याचाही उपयोग झाला. नाहीतर पंधरा मिनिटं उच्चारांवरच गेली असती.

एक मर्यादा मात्र राहतेच. सहकारी कितीही अनोळखी झाला, तरी मुलाखत मंडळासमोर बसल्यावर वाटणारी धाकधूक तो निर्माण करू शकत नाही. सरावातून भीती गेली नाही. पण ती आल्यावर मी कोणत्या शब्दाच्या आड लपते, ते कळलं. पुढच्या सरावात तो शब्द ओठांवर आला की मी थांबू लागले आणि म्हणू लागले, "सर, हे मला नक्की माहीत नाही."

तुम्हीही सहकाऱ्याला सराव मुलाखत मागाल, तेव्हा वेळेसोबत हेही लिहा, की त्याने कोण व्हायचं आणि काय पाहायचं. खरं बोलण्याची परवानगी त्याला आपणच द्यावी लागते.